ई-स्कूटर घरी चार्ज करायचीय? आधी सॉकेट बघा, मग बिलाचा स्लॅब

ई-स्कूटर घेणाऱ्याला शोरूममध्ये रेंज, टॉप स्पीड, अॅप सगळं दाखवतात, आणि चार्जिंगचं विचारलं की एकच उत्तर मिळतं, "काही नाही हो, मोबाईलसारखं लावायचं घरी." अर्धं खरं आहे. कारण मोबाईलचा चार्जर वीसेक वॅटचा आणि स्कूटरचा 650 ते 950 वॅटचा, आणि तो चार-पाच तास एका दमात चालतो, तेही बहुतेक वेळा रात्री सगळे झोपलेले असताना. घरात मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर यांचे वॅट याच्यासारखेच किंवा जास्त असतील, पण ते दहा-पंधरा मिनिटं चालतात. गिझर मोठा असतो पण तोही तापला की कट होतो. सलग तासन्तास चालणारं लोड घरात एसी सोडला तर दुसरं नसतं, आणि एसीला आपण स्वतंत्र पॉइंट देतोच की.

खाली सगळे आकडे मी 750 वॅटचा चार्जर आणि साधारण 3.5 युनिटची बॅटरी धरून दिलेत, कारण रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्या याच्या आसपासच येतात. तुमच्या चार्जरच्या खालच्या स्टिकरवर इनपुट आणि आउटपुट लिहिलेलं असतं, ते एकदा मोबाईलने फोटो काढून ठेवा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे टाका.

सॉकेट: 6 की 16?

750 वॅट भागिले 230 व्होल्ट म्हणजे सव्वातीन अँपिअर. मग 6 अँपिअरचं साधं सॉकेट पुरेल की, असं कोणीही म्हणेल. हिशोबाने पुरतं सुद्धा. काही कंपन्या बारीक पिनचा चार्जर देतात, काही जाड पिनचा, ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे 15 अँपचा पॉवर प्लगच म्हणतात. पण माझं मत स्पष्ट आहे, पिन कुठलीही असो, पॉइंट 16 अँपिअरचाच करून घ्या. एक कारण असं की घरातला 6 अँपिअरचा पॉइंट बहुतेक वेळा एकटा नसतो, हॉलच्या बोर्डातून लाईट, पंखा, टीव्ही सगळ्यांची वायर फिरत फिरत तिथे आलेली असते, मधे दोन-तीन जोड असतात, आणि ते कसे मारलेत हे भिंतीलाच माहीत. 16 अँपिअरचा पॉइंट नीट केलेला असेल तर डीबीवरून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या मुख्य बोर्डावरून, स्वतःची वायर आणि स्वतःचा एमसीबी घेऊन येतो, मधे जोड नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सॉकेट जळतं ते वायर बारीक म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा जळतं ते आतली पितळी पकड ढिली झाल्यामुळे. समजा पकड सैल पडून तिथे 0.3 ओहमचा रोध तयार झाला. सव्वातीन अँपिअर त्यातून गेले तर त्या एका पिनपाशी तीन वॅटच्या वर उष्णता तयार होते. ऐकायला काहीच नाही, पण ती एवढ्याशा जागेत, प्लास्टिकच्या आत, चार-पाच तास रोज. हळूहळू पितळ आणखी मऊ पडतं, पकड आणखी सुटते, रोध वाढतो, आणि काही महिन्यांनी सॉकेटभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी गोल दिसायला लागतो. म्हणून जुन्या सॉकेटवर, ज्यात पिन घातली की ती लुळी पडते, स्कूटर लावूच नका. आणि ते 6 आणि 16 दोन्ही पिना बसणारं कॉम्बो सॉकेट असतं ना, त्यात बारीक पिन घातली तर पकड तितकीशी घट्ट मिळत नाही, रोज एकच पिन लावायची असेल तर त्याच पिनचं सॉकेट घ्यावं.

वायरमनला सांगायचं ते एवढंच: डीबीवरून वेगळी लाईन, 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर, फेज न्यूट्रल अर्थ तिन्ही, मधे जोड नको, 16 अँपिअरचा सी टाईप एमसीबी, आणि आयएसआय मार्कचं स्विचसहित सॉकेट. सी टाईप अशासाठी की चार्जर चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, आणि बी टाईप त्याला कधीकधी उगाच ट्रिप होतो. जुन्या वाड्यात किंवा पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर आधी वायरिंग अॅल्युमिनियमचं आहे का ते बघून घ्या, आणि अजून किटकॅट फ्यूज असेल तर त्यात कोणी जाड तार तर अडकवून ठेवली नाहीये ना तेही. फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार टाकणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे, आणि मग वायर तापली तरी फ्यूज ढिम्म.

एक्स्टेन्शन बोर्ड नको. गॅलरीतून खाली सोडलेली वायर नको. जाड पिनला बारीक करणारा तो पांढरा कन्व्हर्टर तर अजिबात नको, कारण त्यात एका ढिल्या जोडाच्या जागी दोन होतात. फारच नाईलाज असेल तर एक्स्टेन्शन 16 अँपिअरचं, जाड वायरचं, आणि पूर्ण उलगडून वापरायचं. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली वायर तापते आणि ती उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

अर्थिंग, आणि वायरमनची एक शॉर्टकट युक्ती

बऱ्याच चार्जरमध्ये अर्थिंग तपासायची सोय असते, अर्थ मिळाला नाही की लाल लाईट लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मग गाडी खराब आहे म्हणून शोरूमला फोन जातात. गाडीला काही झालेलं नसतं, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात वायरच लावलेली नसते, किंवा लावलेली असते पण खाली अर्थिंगचा खड्डाच कोरडा पडलेला असतो.

तपासायला साधा मल्टिमीटर लागतो, एसी व्होल्टवर ठेवायचा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास दिसेल. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच दिसायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडं, दोन-तीन व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक. फेज-अर्थमध्ये 100-150 असलं काहीतरी अधांतरी दिसत असेल तर अर्थ नुसता नावाला आहे. हात सराईत नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून आकडे बघा.

समोर उभं राहायला सांगतोय त्याला कारण आहे. चार्जर अर्थ मागतोय आणि अर्थ नाहीये, अशा वेळी काही वायरमन सॉकेट उघडतात, न्यूट्रलवरून दोन इंचाची वायर अर्थच्या पिनला मारतात आणि म्हणतात झालं काम. लाईट हिरवा लागतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण आता तुमच्या स्कूटरची बॉडी थेट न्यूट्रलला जोडली गेली. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सुटेल, मीटर रूममध्ये, पोलवर, कुठेही, त्या दिवशी चार्जरमधून किंवा त्याच लाईनवरच्या दुसऱ्या उपकरणातून फेज परत येऊन स्कूटरच्या लोखंडावर उभा राहील, आणि ओल्या फरशीवर चप्पल न घालता कोणी हात लावला तर काय होईल ते सांगायला नको. ही युक्ती केलीये का हे ओळखायचं तर घरात गिझर किंवा इस्त्री त्याच लाईनवर चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजा. लोड चालू असताना तिथे थोडेतरी व्होल्ट दिसायलाच हवेत. तरीही अगदी शून्यच दिसत असेल तर सॉकेट उघडून बघा. आणि लाईनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळतीवर पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर लोड लावल्यावर ती ट्रिप होत राहू शकते, मग तोच वायरमन येऊन म्हणतो की आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू. काढू देऊ नका.

घराला आधीच 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल तर उत्तम, नसेल तर या एका लाईनला तरी बसवा. दुकानदाराला ए टाईप मागा, कारण चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून जी गळती होते ती साध्या एसी टाईपला नीट कळेलच असं नाही. थोडी महाग पडते. मी तरी इथे पैसे वाचवणार नाही.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गाडी पार्किंगमध्ये

बंगल्यावाल्यांचं वर संपलं. खरी गंमत सोसायटीत आहे. एका ओळखीच्यांकडे पुण्यात हे काम झालं तेव्हा मी सोबत होतो, त्याचंच उदाहरण देतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मीटर रूम तळमजल्यावर, आणि तिथून त्यांचं पार्किंग भिंतीकडेने साधारण 22 मीटर. त्यांच्या डोक्यात होतं की फ्लॅटमधून डक्टमधून वायर खाली आणायची. काही गरज नाही. तुमचा मीटर खालीच आहे, मीटरच्या पुढच्या बाजूला जो तुमचा मेन एमसीबी किंवा कटआउट असतो त्याच्या आउटपुटवरूनच लाईन घ्यायची. मीटर, त्याचं सील आणि त्याच्या आधीची वायर याला हात लावायचा नाही, ती महावितरणची हद्द.

तिथे मीटर रूममध्येच एक छोटा बॉक्स बसवला, त्यात दोन पोलचा 16 अँपिअरचा एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी. तिथून पीव्हीसी पाईपमधून 2.5 चौरस मिमीच्या तीन वायर. एवढ्या अंतरावर व्होल्टेज पडेल का, असं तिथल्या एका काकांनी विचारलं, प्रश्न चांगला होता, तर हिशोब असा की 22 मीटर जाऊन 22 मीटर परत, त्या वायरचा रोध जेमतेम एक तृतीयांश ओहम, सव्वातीन अँपिअरला एक व्होल्टच्या आसपास पडतो. म्हणजे काहीच नाही. अंतर याच्या दुप्पट असतं तरी चाललं असतं.

पार्किंगच्या टोकाला पाण्यापासून बचाव करणारा, झाकणाचा आणि कुलपाचा बॉक्स, त्यात सॉकेट. उंची जमिनीपासून चार फूट घेतली, कारण पावसाळ्यात त्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी येतं. कुलूप अशासाठी की नाहीतर महिन्याभरात तिथे कोणाचा व्हॅक्यूम क्लीनर, कोणाचा गाडी धुवायचा पंप, आणि बिल मात्र तुमचं.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, ही लाईन घरातल्या डीबीच्या आधीच फुटलेली आहे, त्यामुळे घरातला मेन स्विच बंद केला तरी पार्किंगचं सॉकेट चालूच राहतं. गावाला जाताना मेन बंद करून निघणाऱ्यांनी खालच्या बॉक्समधलाही एमसीबी पाडायचा. आणि घरच्यांनाही तो कुठे आहे ते दाखवून ठेवायचं.

कमिटीचं म्हणाल तर तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या, सोबत वायर कुठून कुठे जाणार याचं साधं हाताने काढलेलं चित्र, आणि वीज माझ्याच मीटरवरून जाणार, सोसायटीच्या कॉमन मीटरवरून नाही, हे वाक्य ठळक. निम्मा विरोध या एका वाक्याने संपतो, कारण लोकांना भीती असते ती त्यांच्या मेंटेनन्समधून तुमची गाडी पळेल याची. केंद्राच्या वीज मंत्रालयाने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय की मालकाने आपली ई-गाडी घरी किंवा ऑफिसात असलेल्या कनेक्शनवर चार्ज करायला हरकत नाही. शिवाय फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागायची सोयही झालीये. पण एका स्कूटरसाठी वेगळं कनेक्शन घेण्यात मला अर्थ वाटत नाही, का ते खाली बिलाच्या हिशोबात कळेल.

कॉमन मीटरवरून जिन्याखालच्या लाईटच्या पॉइंटला गाडी लावणं मात्र बंद करा, वीज फुकट मिळते म्हणून नाही, तो पॉइंट त्यासाठी केलेलाच नसतो म्हणून. आणि जिना हाच जर बाहेर पडायचा एकमेव रस्ता असेल तर तिथे चार्जिंगच नको. बॅटरी काढून घरात आणायची सोय असलेल्या गाड्या आहेत त्यांनाही हेच, बॅटरी फरशीवर ठेवा, गादी-सोफ्यावर नको, आणि मेन दाराच्या तोंडाशी नको.

इन्व्हर्टरवर तर नाहीये ना?

हे कोणी सांगतच नाही. घराला इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करून बघा की चार्जिंगच्या सॉकेटला वीज येतेय का. येत असेल तर लाईट गेल्यावर स्कूटर तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी पिऊन टाकणार. 150 एएच ची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट, प्रत्यक्षात त्याहून कमी, म्हणजे दोन तासांच्या आत घरात अंधार आणि वर इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन टूंटूं करत बसणार. हा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढून घ्यायचा.

किती वेळ लागतो

कंपनीचा आकडा असतो 0 ते 80 टक्के. पण रोज शून्यावर येऊन गाडी लावणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आपण धरू 20 टक्क्यांवर लावली आणि 100 ला काढली. 3.5 युनिटच्या बॅटरीत 80 टक्के भरायचे म्हणजे 2.8 युनिट. चार्जर भिंतीतून 750 वॅट घेतो पण सगळे बॅटरीत जात नाहीत, दहा-बारा टक्के चार्जर गरम होण्यात, पंख्यात आणि बॅटरीतच जातात, म्हणून बॅटरीत तासाला 0.66 युनिटच्या आसपास. साध्या भागाकाराने सव्वाचार तास येतात. प्रत्यक्षात पाचच्या जवळ लागतात, कारण 85-90 टक्क्यांच्या पुढे बॅटरी स्वतःच करंट कमी करत नेते, शेवटचे दहा टक्के रेंगाळतात. 95 वरून 100 ला जायला एवढा वेळ का, चार्जर बिघडलाय का, असं वाटून घेऊ नका, तसंच असतं ते.

आता दुसरा हिशोब, जो जास्त कामाचा. रोजचं येणंजाणं 30 किमी. डिस्प्लेवर किमीला साधारण 32 वॅट-तास दाखवत असेल तर 30 किमीला बॅटरीतून एक युनिटसुद्धा पूर्ण जात नाही. ते भरायला भिंतीतून 1.08 युनिट, म्हणजे दीड तास. तेवढंच. त्यामुळे रात्रभर लावून ठेवायची गरज बहुतेकांना नसतेच, जेवणं होईपर्यंत काम होतं आणि झोपायच्या आधी स्विच बंद करता येतो. मला हे रात्रभर लावण्यापेक्षा बरं वाटतं, आपण जागे असतो एवढ्यासाठी.

घरी आल्या आल्या लगेच लावू नका, विशेषतः एप्रिल-मे मध्ये. उन्हातून आलेली बॅटरी तापलेली असते, अर्धा-पाऊण तास थांबा, नाहीतर बॅटरीचं कंट्रोल करंट कमी करून ठेवतं आणि वेळ वाढतो. बॅटरी कुठली आहे ते पण बघा, लिथियम बॅटरीत एनएमसी आणि एलएफपी असे दोन प्रकार जास्त दिसतात. एनएमसी असेल तर रोज 80-90 ला थांबवलेलं तिला मानवतं, लांब जायचं असेल तेव्हाच 100. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण 100 करू द्या, नाहीतर टक्क्यांचा आकडा भरकटतो आणि 20 टक्के दाखवत असतानाच गाडी मान टाकते. मॅन्युअलमध्ये कंपनीने याहून वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका, वॉरंटी त्यांच्याकडे आहे.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 170-180 वर येतं तिथे काही चार्जर चालूच होत नाहीत, आणि जे होतात ते तेवढेच वॅट मिळवायला करंट जास्त ओढतात, म्हणजे ढिल्या सॉकेटची परीक्षा तेव्हाच. तिथे रात्री उशिरा किंवा पहाटे लावलेलं बरं. आणि शेतीपंपाच्या लाईनवरून तर गाडी लावूच नका, तो पुरवठा शेतीच्या दराचा असतो आणि त्याचं व्होल्टेजही बेभरवशाचं.

पहिल्या आठवड्यात करायची हाताची चाचणी

नवीन पॉइंटवर पहिल्यांदा लावल्यावर तासाभराने स्विच बंद करा, पिन काढा आणि पिनच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल, जळका वास येत असेल, स्विच चालू-बंद करताना चर्र आवाज येत असेल, किंवा पिनचं पितळ काळपट पडलं असेल तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला. नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही, पिनचं टोक काळं झालं असेल तर ते नवीन सॉकेटलाही खराब करतं, पिनसुद्धा साफ करून किंवा बदलून घ्यावी लागते, आणि चार्जर वॉरंटीत असेल तर ती कंपनीकडूनच. ही हात लावायची सवय महिन्यातून एकदा ठेवा.

बिल: स्कूटरचे युनिट कुठे बसतात

आता पैशांचं. सगळीकडे "किमीला 25 पैसे" असं सांगतात. तो आकडा कोणाच्या तरी बिलावर खरा असतो, तुमच्या बिलावर असेलच असं नाही, कारण महावितरणचे घरगुती दर स्लॅबमध्ये आहेत आणि स्कूटरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर जाऊन बसतात. म्हणजे स्कूटरला दर लागतो तो तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा.

उदाहरणासाठी 2024-25 चे दर घेतो. पहिल्या 100 युनिटला 4.71, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55. यात प्रत्येक युनिटमागे 1.17 वहन आकार मिळवायचा, म्हणजे 5.88, 11.46 आणि 15.72. वर 16 टक्के वीज शुल्क. शिवाय इंधन समायोजन आकार महिन्याप्रमाणे कमी-जास्त होतो, तो मी सोडून दिलाय. स्थिर आकार स्कूटर असो नसो तेवढाच. दर बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या ताज्या बिलावर वीज आकाराचा जो तक्ता असतो तिथले आकडे घेऊन हाच हिशोब करायचा. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर वेगळे, पद्धत हीच.

महिन्याला 25 दिवस, रोज 30 किमी, म्हणजे 750 किमी. शंभर किमीला भिंतीतून 3.6 युनिट धरले तर 27 युनिट.

ज्या घराचा वापर 80 युनिट आहे, तिथे 20 युनिट पहिल्या स्लॅबमध्ये बसतात आणि 7 दुसऱ्यात. शुल्क धरून 230 रुपये वाढतात. ज्या घरात 180 युनिट जातात तिथे सगळेच्या सगळे दुसऱ्या स्लॅबमध्ये, 359 रुपये. आणि मे महिन्यात एसी लावून 350 युनिटवर गेलेलं घर असेल तर त्याच 27 युनिटचे 492 रुपये. गाडी तीच, किलोमीटर तेवढेच, किमीला 31 पैशांपासून 66 पैशांपर्यंत. म्हणून शेजारच्याला किती बिल आलं ते विचारण्यात अर्थ नाही, त्याला त्याचे युनिट विचारा.

इथे एक गैरसमज सारखा ऐकू येतो की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. तसं नाहीये. पहिले 100 पहिल्याच दराने राहतात, फक्त वरच्यांना वरचा दर.

आणि याची पेट्रोलशी तुलना करायची तर 45 चं अॅव्हरेज देणारी गाडी 750 किमीला साडेसोळा लिटरच्या वर पेट्रोल खाते, 104 रुपये लिटर धरला तर 1733 रुपये. म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमधल्या घरातही महिन्याला बाराशेच्या वर उरतात. वेगळं कनेक्शन कशाला नको म्हणालो ते आता दिसेल, 27 युनिटवर दर कितीही कमी मिळाला तरी वाचून वाचून किती वाचणार, आणि त्या मीटरचा अर्ज, डिपॉझिट, वेगळं बिल हे वर. घरात दोन-तीन ई-गाड्या असतील किंवा कार येणार असेल तर गोष्ट वेगळी.

स्मार्ट मीटर बसलाय त्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटला 80 पैशांच्या आसपास सूट आहे. घरून काम करत असाल, गाडी दुपारी घरी असेल, तर लावा दुपारी. पण 27 युनिटला हे शुल्क धरून पंचवीसेक रुपये होतात, त्यासाठी दुपारी ऑफिसातून घरी येऊ नका.

तुमचा खरा आकडा मीटरवरच मोजा

अॅप जे युनिट दाखवतं ते बॅटरीत गेलेले असतात, बिलात येतात ते भिंतीतले. बिल अॅपपेक्षा जास्त आलं म्हणून मीटर फास्ट झाला असं लगेच म्हणू नका, दहा-पंधरा टक्के फरक असणारच. सॉकेटला लावायचा छोटा 16 अँपिअरचा एनर्जी मीटर मिळतो तो सगळ्यात सोपा. तो नसेल तरी भागतं. तुमच्या मीटरवर एक लाल लाईट मिचमिचत असतो आणि त्याच्याशेजारी 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला तो तितक्या वेळा मिचमिचतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, फक्त स्कूटर चालू ठेवा आणि मोबाईलवर एक मिनिट लावून मिचकावणं मोजा. 3200 चा मीटर असेल आणि मिनिटाला 40 आले तर 40 गुणिले 60 भागिले 3200, म्हणजे 0.75, म्हणजे चार्जर 750 वॅट घेतोय. बरोबर.

हीच मोजणी गाडी 100 टक्के झाल्यावर, चार्जर लावलेलाच ठेवून परत करा. तेव्हा लाईट मिनिटभर अजिबात मिचकू नये, किंवा फार तर एकदा. त्यापेक्षा जास्त मिचकत असेल तर एकतर घरात दुसरं काहीतरी चालू राहिलंय, किंवा चार्जर रिकामा बसूनही वीज खातोय, आणि मग भरली की स्विच बंद करायचा.